पैसा हवा होता, ताबा द्यायचा नव्हता

रिद्धपूर म्हटलं की लोकांना गोविंदप्रभू आठवतात, लीळाचरित्र आठवतं आणि आता मराठी भाषा विद्यापीठ आठवतं. गावाबाहेर पडलं की मात्र दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागतात. मोर्शी, वरूड, चांदूरबाजार या सगळ्या पट्ट्याचं वर्ष संत्र्यावर उभं राहतं किंवा बसतं. आमची कंपनी याच पट्ट्यात काम करते. बागायतदारांकडून संत्रा घ्यायचा, धुऊन-पुसून त्याचं ग्रेडिंग आणि कोटिंग करायचं, आकारानुसार खोक्यांत भरायचा आणि थेट मोठ्या शहरांतल्या दुकानांना पाठवायचा. कंपनी खासगी मर्यादित आहे. 60 टक्के भाग आम्हा दोघा संस्थापकांचे आणि 40 टक्के आमच्याकडे माल देणाऱ्या बागायतदारांचे.

दुसरी ग्रेडिंग लाईन आणि शीतगृह उभं करायला पैसा लागत होता. पुण्यातल्या एका गुंतवणूक संस्थेने 5 कोटी 20 लाख रुपये देऊ केले आणि टर्म शीट पाठवली. आम्ही ती नाकारली. नाकारताना त्यांचे आभार मानले आणि पुढे बोलायची वाट मोकळी ठेवली. आमच्या भागातली नवी पोरं आता विचारायला येतात, की एवढा पैसा दारात आलेला असताना परत का पाठवला आणि तोही भांडण न करता कसा पाठवला. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

1. पैशाच्या अटी आणि ताब्याच्या अटी वेगवेगळ्या कागदावर उतरवा

टर्म शीटमध्ये दोन जातींच्या अटी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका जातीच्या अटी ठरवतात, की पैसा वाढला किंवा बुडाला तर कुणाला किती मिळणार. दुसऱ्या जातीच्या अटी ठरवतात, की निर्णय कोण घेणार. वाचताना लक्ष पहिल्या जातीकडे जातं, कारण तिथे मोठे आकडे असतात.

आमच्या बाबतीत पैशाच्या अटी रास्त होत्या. कंपनीची किंमत पैसा येण्याआधी 14 कोटी 80 लाख धरली होती, म्हणजे पैसा आल्यावर 20 कोटी आणि त्यांचा वाटा 26 टक्के. कंपनी विकली गेली तर आधी त्यांची मुद्दल परत द्यायची किंवा त्यांनी 26 टक्के वाटा घ्यायचा, दोन्हींपैकी एकच. पुढे कमी किमतीला भाग विकावे लागले तर त्यांच्या वाट्याची भरपाई सरासरीच्या सूत्राने करायची. हे सगळं प्रचलित आहे आणि जोखीम घेणाऱ्याने एवढं मागणं गैर नाही. यातल्या एकाही अटीवर आम्ही हरकत घेतली नाही.

अडचण दुसऱ्या कागदावर होती. संचालक मंडळ पाच जणांचं. दोन आमचे, दोन त्यांचे आणि पाचवा स्वतंत्र संचालक, पण तो त्यांच्या संमतीनेच नेमायचा. म्हणजे भांडवल 26 टक्के आणि मंडळात पारडं तीन विरुद्ध दोन. शिवाय एक लांबलचक यादी होती. त्यातली कोणतीही गोष्ट करण्याआधी त्यांच्या संचालकाची लेखी परवानगी लागणार होती.

26 हा आकडाही सहज आलेला नसतो. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. आमचे दोघांचे आणि बागायतदारांचे मिळून 74 टक्के उरले असते. 26 ची तिप्पट होते 78. म्हणजे नियमावली बदलण्यासारखा कोणताही विशेष ठराव त्यांच्या मनाविरुद्ध झाला नसता. बरोबर 25 टक्के दिले असते तर 75 विरुद्ध 25 असा ठराव मंजूर होऊ शकतो. एका टक्क्यात एवढा फरक पडतो. हा अधिकार त्यांना कायद्यानेच मिळत होता आणि तो द्यायला आमची तयारी होती. त्याच्या वर जे मागितलं होतं, प्रश्न त्याचा होता.

2. प्रत्येक अट मागच्या हंगामाच्या वहीवर लावून पाहा

अट वाचून तिचा भार कळत नाही. आम्ही मागच्या आंबिया बहाराची खरेदीची वही काढली आणि एकेक निर्णयासमोर लिहीत गेलो, की ही अट असती तर काय झालं असतं.

एक अट अशी होती, की 5 लाखांवरचा कोणताही खरेदी करार करण्याआधी त्यांच्या संचालकाची लेखी संमती घ्यावी आणि त्यासाठी दहा कामकाजी दिवस आधी कळवावं. पुण्यात बसून वाचली तर ही अट शिस्तीची वाटते. आमच्याकडे बगीचा झाडावरच सौदा होतो. माल पाहायचा, अंदाज बांधायचा, इसार द्यायचा आणि तोडा ठरवायचा. 20 टनांचा मध्यम बगीचा टनाला 30 हजारांनी धरला तरी सौदा 6 लाखांचा होतो. म्हणजे जवळपास प्रत्येक बगीचा या अटीत सापडतो. बागायतदार दोन आठवडे थांबत नाही आणि त्याने थांबूही नये. आंबियाचा माल ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. त्यात एखादा अवकाळी पाऊस झाला की गळती सुरू होते आणि संध्याकाळी ठरलेला भाव सकाळी राहत नाही. वहीत पाहिलं तर आमचे बहुतेक सौदे पाहिल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झालेले होते. ही अट असती तर त्यातला एकही झाला नसता.

दुसरी अट त्याहून गंभीर होती. सलग दोन तिमाहींत ठरलेलं उत्पन्न झालं नाही, तर ते संस्थापकाला दूर करण्याचं 'सबळ कारण' मानलं जाणार होतं आणि मग त्याचे भाग दर्शनी किमतीला परत घेता येणार होते. वार्षिक उद्दिष्टाचे चार तिमाहींत सारखे चार भाग केले होते. आता संत्र्याचं वर्ष पाहा. आंबिया डिसेंबरपर्यंत संपतो. मृगाचा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो. मे ते सप्टेंबर आमच्या लाईनवर फळच नसतं. म्हणजे एप्रिल ते जून आणि जुलै ते सप्टेंबर या सलग दोन तिमाहींत उद्दिष्ट हुकणं हे आमच्या कामात कॅलेंडरनेच ठरलेलं आहे. चांगल्या वर्षीसुद्धा दर दसऱ्याला आम्हाला काढण्याचं कारण तयार असणार होतं.

त्या लोकांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअर कंपनीसाठी बनवलेला मसुदा त्यांनी संत्र्याला लावला होता. पण मसुदा कुणासाठीही बनवलेला असो, सही केल्यावर तो आपल्यालाच लागू होतो.

3. तोंडी आश्वासन नियमावलीत उतरत नाही

आम्ही या अटी दाखवल्या तेव्हा समोरून उत्तर आलं, की आम्ही हे अधिकार सहसा वापरत नाही. बोलणारा माणूस सज्जन होता आणि ते मनापासून म्हणत होता. पण तो माणूस उद्या त्या संस्थेत असेलच असं नाही. त्याचा फंड ठरावीक वर्षांनी बंद होतो आणि पैसा देणाऱ्यांना परत करावा लागतो. त्या वेळी जो खुर्चीवर असेल तो कागद वाचेल.

या अटी कुठे जाऊन बसतात, हेही समजून घ्यायला हवं. टर्म शीटनंतर भागधारक करार होतो आणि मग त्यातल्या अटी कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये घातल्या जातात. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की भागांच्या हस्तांतरावरचं बंधन नियमावलीत नसेल तर ते कंपनीला बांधत नाही. म्हणून गुंतवणूकदाराचा वकील प्रत्येक अट नियमावलीत गेली की नाही ते तपासतोच. एकदा ती तिथे गेली की काढायला विशेष ठराव लागतो आणि 26 टक्के त्यांच्याकडे असतात.

चौथ्या वर्षानंतर त्यांना हवा तो ग्राहक आणून संपूर्ण कंपनी विकायला भाग पाडण्याचा अधिकारही यादीत होता. ग्राहक कोण असावा यावर बंधन नव्हतं. आमच्या बागायतदार भागधारकांच्या बैठकीत ही अट मी वाचून दाखवली, तेव्हा एक काका म्हणाले, "म्हंजे ज्या व्यापाऱ्याच्या तावडीतून निंगाले आमी, त्यालेच कंपनी इकता येईन?" हो, येणार होती. कायद्याचा कोणताही जाणकार यापेक्षा नेमकं सांगू शकला नसता.

4. आधी आपल्या माणसांना विचारा, मग प्रतिप्रस्ताव द्या, मग नकार द्या

नकार देण्याआधी आम्ही प्रतिप्रस्ताव दिला. मंडळ पाचचंच ठेवू. दोन आमचे, एक तुमचा, एक बागायतदारांचा आणि पाचवा सगळ्यांच्या सहमतीने. परवानगीच्या यादीत नवे भाग काढणं, कंपनी विकणं, व्यवसाय बदलणं, मोठं कर्ज घेणं आणि आमच्या नातेवाइकांशी होणारे व्यवहार एवढं राहू द्या. रोजची संत्रा खरेदी मंजूर वार्षिक अंदाजपत्रकाच्या आत असेल तर तिला वेगळी परवानगी नको. उद्दिष्ट हंगामावर मोजा, तिमाहीवर नाही. जबरदस्तीची विक्री सातव्या वर्षानंतर, ठरलेल्या किमान किमतीला, आणि बागायतदारांना आधी विकत घ्यायची संधी देऊन.

त्यांनी उद्दिष्टाचं मान्य केलं. यादी थोडी आखूड केली. मंडळावर आणि विक्रीच्या अटीवर मात्र ते थांबले. त्यांच्या गुंतवणूक समितीचा तो नियम होता. तिथे आम्हाला उत्तर मिळालं.

बागायतदारांच्या बैठकीत मी दोन्ही बाजू मांडल्या. पैसा नाकारला तर दुसरी लाईन लांबणीवर पडेल, शीतगृह लहान होईल आणि भागाची किंमत आज वाढणार नाही, हेही सांगितलं. एका तरुण बागायतदाराने पैसा घ्यावा असं मत दिलं आणि त्याची कारणं खोटी नव्हती. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं, 2023 मध्ये ते किलोला 88 टक्यांवर गेलं आणि आपला माल देशातच साचू लागला. देशातल्या बाजारात टिकायचं तर चांगली यंत्रं लवकर हवीत, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी बहुमत नकाराकडे गेलं. एका म्हाताऱ्या बागायतदाराचं वाक्य सगळ्यांना पटलं, "पैसा त्याईचा, हे खरं. पन हर्रासीत भाव पुकारतानी पुण्याले फोन लावसान काय?"

ही बैठक झाली नसती तर नकार माझा एकट्याचा ठरला असता आणि पुढच्या तोट्याच्या हंगामात मला एकट्यालाच तो पेलावा लागला असता.

5. नकार आधी फोनवर, मग लेखी, आणि मुदतीच्या आत

टर्म शीटचा बहुतेक भाग बंधनकारक नसतो. पण गुप्तता, ठरावीक काळ दुसऱ्या कुणाशी न बोलण्याची अट आणि वकिलांचा खर्च एवढी कलमं सही होताच लागू होतात. म्हणून 'आधी सही करू, बाकी नंतर करारात सुधारू' हा सल्ला आम्ही मानला नाही. सही केली असती तर दीड-दोन महिने दुसरीकडे बोलता आलं नसतं आणि ते दिवस नेमके आंबियाच्या तोंडावरचे होते.

टर्म शीटवर मुदत लिहिलेली असते. ती संपू द्यायची आणि गप्प बसायचं, हाही एक प्रकारचा नकारच, पण समोरच्याच्या कामाचा अपमान करणारा. त्यांच्या माणसांनी आमचे हिशेब तपासले होते, बगीच्यांत फिरले होते, आमच्यासाठी त्यांच्या समितीपुढे बोलले होते. म्हणून मुदतीच्या आधीच फोन केला, कारण सांगितलं आणि त्याच दिवशी पत्र पाठवलं. पत्राचा मजकूर असा होता:

"आदरणीय साहेब,
आपण आमच्या कंपनीसाठी दिलेल्या प्रस्तावाबद्दल आम्ही दोघे आणि आमचे सर्व बागायतदार भागधारक आपले मनापासून आभारी आहोत. आपल्या सहकाऱ्यांनी आमचं काम बारकाईने समजून घेतलं. खरेदीचा हिशेब बगीच्यानुसार ठेवण्याची त्यांची सूचना आम्ही अमलात आणली आहे.
पूर्ण विचारानंतर आम्ही हा प्रस्ताव स्वीकारू शकत नाही. कंपनीचं मूल्यांकन आणि पैशाच्या परताव्याच्या अटी आम्हाला मान्य होत्या. संचालक मंडळाची रचना आणि चौथ्या वर्षानंतर कंपनी विकायला लावण्याचा अधिकार, या दोन अटी आम्हाला स्वीकारता येत नाहीत, कारण आमच्या कंपनीत माल देणारा बागायतदार हाच भागधारक आहे आणि निर्णयात त्याचा आवाज राहणं आवश्यक आहे.
आपल्या प्रस्तावातील मजकूर आम्ही गुप्त ठेवू. आपण दिलेली कागदपत्रं परत करत आहोत.
आंबिया आणि मृग हे दोन्ही हंगाम संपल्यावर आम्ही आपल्याला आमचे आकडे पाठवू. या दोन मुद्द्यांवर वेगळा विचार शक्य झाला तर आपल्याशी पुन्हा बोलायला आम्हाला आनंद होईल."

या पत्रात चार गोष्टी जाणीवपूर्वक आहेत. आभार एका ठोस गोष्टीसाठी आहेत. नकार एका वाक्यात आहे आणि त्यात 'सध्या', 'बहुधा' असा एकही शब्द नाही. कारणं दोनच दिली आहेत आणि ती आमच्या रचनेबद्दल आहेत, त्यांच्या हेतूबद्दल नाहीत. आणि पुढच्या बोलण्याला वेळ आणि विषय दिला आहे. 'संपर्कात राहू' एवढंच लिहिलं असतं तर त्याचा अर्थ दोघांनीही 'संपलं' असाच घेतला असता.

गुप्ततेचं वाक्य शोभेचं नव्हतं. पुढे दुसऱ्या एका गुंतवणूकदाराने विचारलं, की आधीच्यांनी किती किंमत धरली होती. आम्ही सांगितलं नाही. इथेही त्या संस्थेचं नाव म्हणूनच दिलेलं नाही. एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून तो चढवायचा, ही चाल एकदाच चालते. त्यानंतर गुंतवणुकीच्या त्या छोट्या जगात सगळ्यांना आपली ओळख पटलेली असते.

6. नकारानंतरचा रस्ता आधी हिशेबात धरा

दुसरा मार्ग हातात असेल तरच नकार टिकतो. आम्ही योजना लहान केली. दुसरी लाईन पुढे ढकलली आणि आधी लहान शीतगृह घेतलं. केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत व्याजात 3 टक्के सवलत मिळते आणि ग्रेडिंग, पॅकहाऊस, शीतगृह त्यात बसतात. बँकेने त्याखाली कर्ज दिलं. यालाही मर्यादा आहे. कर्जाचा हप्ता गळती बघत नाही. हंगाम बुडाला तरी तो भरावा लागतो आणि तारण आमचंच आहे. भाग विकून आलेल्या पैशाला हप्ता नसतो, हे त्याचं खरं बळ आहे. म्हणून प्रत्येकाने गुंतवणूकदाराला नाहीच म्हणावं असं मी कधीच सांगत नाही.

योग्य रचनेत बाहेरचा पैसा आणि शेतकऱ्याचा ताबा एकत्र राहू शकतात. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण आम्ही नीट अभ्यासलं. मूळ संस्था शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि अशा कंपनीत कायद्यानेच उत्पादकाशिवाय कुणी सभासद होऊ शकत नाही. 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांचे सुमारे 310 कोटी रुपये आले ते तिच्या उपकंपनीत, काढणीनंतरची प्रक्रिया सांभाळणाऱ्या कंपनीत. मूळ संस्था शेतकऱ्यांकडेच राहिली. आमची कंपनी खासगी मर्यादित असल्याने कायद्याची ती भिंत आमच्याकडे नाही. आमचं रक्षण फक्त आमची नियमावली करते. म्हणून तिच्यातलं प्रत्येक कलम आम्हाला जपावं लागतं.

दोन्ही हंगाम संपल्यावर ठरल्याप्रमाणे आम्ही आकडे पाठवले. चांगले होते ते आणि कमी पडले ते, दोन्ही. त्यांचं उत्तर आलं. मंडळात एक जागा आणि बागायतदारांना आधी खरेदीचा हक्क, या दोन मुद्द्यांवर आता बोलणी सुरू आहेत. ती पूर्ण होतील की नाही हे ठरायचं आहे.

ज्यांच्या टेबलावर आज एखादी टर्म शीट पडली असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सही करण्याआधी ती कंपनी सचिवाला दाखवा, आपल्या भागधारकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक अट मागच्या वर्षीच्या खऱ्या निर्णयांवर लावून पाहा. ज्या अटीखाली तुमचं मागचं वर्ष चाललं नसतं, तिच्याखाली पुढचंही चालणार नाही. ती अट बदलत नसेल तर आभार माना, कारण स्पष्ट लिहा आणि मुदतीच्या आत नाही म्हणा.